शिक्षकांच्या हाती पडणारी शेवटची दोन पानं: मानसशास्त्रीय अहवालातला सारांश आणि शिफारशी कशा लिहाव्यात

मुलाची मानसशास्त्रीय तपासणी झाली की शाळेत एक लांबलचक अहवाल येतो. त्यात जन्मापासूनचा इतिहास असतो, प्रत्येक चाचणीचं वर्णन असतं, गुणांचे तक्ते असतात. वर्गशिक्षिका तो मधल्या सुट्टीत उघडते आणि सरळ शेवटच्या दोन पानांवर जाते, कारण तिला एकच गोष्ट हवी असते: या मुलासाठी मी वर्गात काय करू? बहुतेक अहवालांत त्या दोन पानांवर याचं उत्तर नसतं. तपासणी चांगली झालेली असते, निष्कर्षही बरोबर असतात, पण ते शिक्षिकेपर्यंत पोहोचत नाहीत. याचा तोटा मुलाला होतो, म्हणून हा भाग कसा लिहायचा ते एका कल्पित उदाहरणावरून नीट पाहू.

चौथीतली नऊ वर्षांची मुलगी. वर्गशिक्षिकेने तपासणीच्या अर्जात लिहिलं आहे: "तोंडी उत्तरं फार छान देते, पण वाचून लिहायला सांगितलं की कागद कोरा. ही टाळाटाळ करते का, की खरंच जमत नाही?" तपासणीनंतरच्या अहवालाचा सारांश नेहमीच्या पद्धतीने लिहिला तर तो साधारण असा होतो:

"सदर विद्यार्थिनीस वेक्सलर बुद्धिमापन चाचणी व वाचनाच्या प्रमाणित चाचण्या देण्यात आल्या. शाब्दिक आकलन निर्देशांक ११२ (उच्च सरासरी), कार्यकारी स्मृती ९७ (सरासरी), प्रक्रिया वेग ८० (निम्न सरासरी) आढळला. शब्दवाचन ८२ (१२वे शतमक), निरर्थक शब्दांचे वाचन ७८ (७वे शतमक), श्रवण आकलन ११० (७५वे शतमक). निर्देशांकांमध्ये लक्षणीय तफावत असल्याने एकत्रित बुद्ध्यांकाचा अर्थ सावधगिरीने लावावा."

यात चूक एकही नाही. पण हे सगळं मागच्या तक्त्यांत आलेलंच आहे. इथे ते फक्त वाक्यांत ओवलं आहे, आणि शिक्षिकेने विचारलेल्या प्रश्नाला एकाही वाक्याने हात लावलेला नाही. सारांश चाचण्यांच्या क्रमाने लिहिला की हे हमखास होतं. तो प्रश्नांच्या क्रमाने लिहायचा असतो. म्हणून सारांश लिहायला बसताना गुणांचे तक्ते बाजूला ठेवावेत आणि समोर फक्त तो अर्ज ठेवावा. पहिलं वाक्य त्या प्रश्नाचं उत्तर असलं पाहिजे.

१२वे शतमक म्हणजे १२ गुण नव्हेत

आकड्यांबद्दल आधी बोलायला हवं, कारण सर्वात मोठा गैरसमज तिथेच होतो. शिक्षकांचं आयुष्य शंभरपैकी गुण मोजण्यात जातं. "१२वे शतमक" वाचलं की डोक्यात पटकन "शंभरात बारा, म्हणजे सपशेल नापास" असंच येतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की त्याच वयाची शंभर मुलं रांगेत उभी केली, तर साधारण बारा मुलं तिच्याइतकं किंवा तिच्यापेक्षा कमी वाचतात. तिने किती टक्के शब्द बरोबर वाचले याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट दिशेनेही घोटाळा होतो. प्रमाणित गुणांत सरासरी १०० असते आणि सुमारे दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. हे ठाऊक नसलेला माणूस "शब्दवाचन ८२" वाचून म्हणतो, अरे वा, ब्याऐंशी म्हणजे उत्तमच की!

यावर उपाय म्हणजे सारांशात आकडे जवळजवळ न ठेवणं. आकडा ठेवायचाच असेल तर तो रांगेतल्या मुलांच्या भाषेत सांगावा. ८२ आणि ७८ मधला फरक तर इथे आणूच नये. प्रत्येक चाचणीच्या गुणाला थोडी मागे-पुढे होण्याची मुभा असते, त्यामुळे चार गुणांचा फरक बहुतेक वेळा काही सांगत नाही. त्याचा अर्थ लावत बसलं की वाचणाऱ्याला वाटतं त्यात काहीतरी दडलंय.

त्यापेक्षा तपासणीत घडलेली एखादी ठोस गोष्ट शिक्षिकेला लगेच कळते. या मुलीला एकाच पातळीचे दोन उतारे दिले. पहिला तिने स्वतः वाचला आणि दहापैकी चार प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली. दुसरा तपासनीसाने वाचून दाखवला, तेव्हा दहापैकी आठ बरोबर आली. हे एका वाक्यात मांडलं की निदानाचा गाभा कुठलीही संज्ञा न वापरता समोर येतो: डोकं चालतंय, छापील शब्द आड येतोय. असं वाक्य लिहायचं तर तपासणीच्या दिवशीच ती नोंद करून ठेवावी लागते, कारण गुणपत्रिकेतून ते नंतर काढता येत नाही. अर्थात दोन उतारे म्हणजे पुरावा नव्हे. प्रमाणित चाचण्यांचा निष्कर्ष त्याच दिशेचा असेल तरच ते उदाहरण म्हणून वापरावं. इथे तसंच आहे.

मग तोच सारांश असा लिहिता येतो:

"ही मुलगी टाळाटाळ करत नाही. ऐकलेलं समजणं, विचार करणं आणि बोलून मांडणं यांत ती वयाच्या मानाने चांगली आहे. अडचण शब्द वाचण्यात आहे: ओळखीचे शब्द ती आठवणीने सांगते, पण नवा किंवा लांब शब्द आवाज जोडून वाचणं तिला जमत नाही. तिच्या वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण बारा मुलं तिच्याइतकं किंवा तिच्याहून कमी वाचतात. स्वतः वाचलेल्या उताऱ्यावरचे दहापैकी चार प्रश्न तिला आले. त्याच पातळीचा उतारा वाचून दाखवला तेव्हा आठ आले. शब्द सोडवण्यातच सगळी शक्ती खर्च होते, म्हणून अर्थाकडे आणि उत्तर लिहिण्याकडे लक्ष उरत नाही. पाहून लिहिण्याचा तिचा वेगही कमी आहे. हे चित्र डिस्लेक्सियाचं, म्हणजे शब्दवाचनाच्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं आहे. तिची स्मरणशक्ती वयाला साजेशी आहे, आणि दृष्टी व श्रवण यांच्या तपासण्या व्यवस्थित आहेत."

निदानाचं नाव इथे आलंय, पण शेवटाकडे, आणि त्याआधी त्याचा अर्थ सांगून झालाय. नाव गाळणं योग्य नाही, कारण शाळेला सवलती द्यायला ते कागदावर लागतं. पण सुरुवातीलाच नाव आलं की वाचणारा पुढचं सगळं आपल्या डोक्यातल्या चित्राप्रमाणे वाचतो. डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं, असं अजूनही पुष्कळांना वाटतं.

"टाळाटाळ करत नाही" हे पहिलं वाक्य मात्र जपून लिहायला हवं. कुठलीच चाचणी आळस मोजत नाही. ते लिहायला आधार हवा, आणि इथे तो आहे: वाचायचं ओझं काढलं की ती बसून काम करते आणि उत्तरं बरोबर येतात. असा आधार नसेल तर "तपासणीत टाळाटाळ दिसली नाही" एवढंच लिहावं. आणि आधार असेल तर स्पष्ट लिहावं. "असण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही असे सूचित होते" अशा वाक्याने तपासनीस सुरक्षित राहतो, पण शिक्षिकेच्या हाती काही लागत नाही. जे नक्की आहे ते ठाम लिहावं आणि जे नक्की नाही ते का नाही ते सांगावं. चाचणीची भाषा घरच्या भाषेपेक्षा वेगळी असेल, किंवा मूल त्या सकाळी तापातून उठून आलेलं असेल, तर ते सारांशातच यायला हवं.

"म्हणून" या शब्दाची कसोटी

आता शिफारशी. शाळेत येणारे दहा अहवाल शेजारी ठेवले तर शिफारशींची पानं बरीचशी एकसारखी सापडतात: पहिल्या बाकावर बसवावे, वैयक्तिक लक्ष द्यावे, प्रोत्साहन द्यावे, बहुसंवेदी पद्धत वापरावी, स्मरणशक्तीचे खेळ घ्यावेत, जादा वेळ द्यावा. ही यादी एका अहवालातून दुसऱ्यात उतरवलेली असते, आणि शिक्षकांना ते पहिल्या ओळीतच कळतं.

ती गाळायला एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक शिफारशीच्या आधी सारांशातलं एक वाक्य आणि "म्हणून" लावून पाहायचं. "नवे शब्द आवाज जोडून वाचता येत नाहीत, म्हणून पहिल्या बाकावर बसवावे." जुळत नाही. ही मुलगी ऐकते, पाहते, लक्ष देते. तिचा बाक बदलून वाचन बदलणार नाही. "स्मरणशक्ती वयाला साजेशी आहे, म्हणून स्मरणशक्तीचे खेळ घ्यावेत." हेही पडलं. शिवाय असे खेळ खेळून मुलं त्या खेळांत पटाईत होतात, पण त्याचा फायदा वाचन-गणितापर्यंत फारसा पोहोचत नाही, हे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर दिसलेलं आहे. "ही मुलगी दृश्य पद्धतीने शिकणारी आहे, म्हणून चित्रांतून शिकवावे" याचंही तेच. प्रत्येक मुलाची एक शिकण्याची शैली असते आणि त्या शैलीत शिकवलं की जास्त शिकतं, याला भक्कम आधार मिळालेला नाही. अहवालाच्या शिक्क्याखाली अशी वाक्यं गेली की शिक्षिका आपला दुर्मीळ वेळ त्यावर घालवते, म्हणून मला ती निरुपद्रवी वाटत नाहीत.

कसोटी उलटीही लावायची: सारांशातली प्रत्येक मोठी अडचण कुठल्या तरी शिफारशीला जोडलेली आहे का? पाहून लिहिण्याचा वेग कमी आहे असं सांगितलं आणि फळ्यावरून उतरवण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, तर तो धागा तुटलेला आहे.

या गाळणीतून आपल्या मुलीसाठी चार शिफारशी उरतात. चारच का? चाळीस मुलांच्या वर्गात एका मुलासाठी वीस गोष्टी कुणी करू शकत नाही. वीस दिल्या तर शिक्षिका त्यातल्या सर्वात सोप्या दोन निवडते, आणि सर्वात सोप्या बहुतेक वेळा सर्वात कमी कामाच्या असतात. निवड तपासनीसाने करायची, कारण कशाने जास्त फरक पडेल हे त्याला माहीत असतं.

निवड करताना एक फरक पक्का ठेवावा लागतो. काही शिफारशी अडचण कमी करतात, म्हणजे वाचायला शिकवतात. काही अडचणीला वळसा घालतात, म्हणजे वाचन कच्चं असतानाही बाकीचं शिक्षण थांबू देत नाहीत. फक्त सवलती दिल्या तर मुलगी सातवीत गेल्यावरही वाचू शकत नाही. फक्त शिकवणी दिली तर वाचन सुधारेपर्यंत विज्ञान आणि इतिहास हातातून जातात. म्हणून दोन्ही लागतात, आणि कुठली कशासाठी आहे ते लिहायला लागतं.

पहिली शिफारस शिकवण्याची, आणि तीच मुख्य. "रेमेडियल शिकवणी द्यावी" एवढ्यावर ती सोडून चालत नाही. कोणी, काय, किती वेळा, किती दिवस, हे चारही लिहायचे: "विशेष शिक्षिकेने आठवड्यातून चार दिवस, रोज तीस मिनिटं, तीनपेक्षा जास्त मुलं नसलेल्या गटात, अक्षर-आवाजाचं नातं ठरावीक क्रमाने शिकवावं. प्रत्येक तासात आधी आवाज तोडणं-जोडणं, मग त्याच आवाजांचे शब्द वाचणं, मग तेच शब्द लिहिणं, आणि शेवटी ते शब्द असलेला छोटा उतारा वाचणं. आधी दहा आठवडे." असं लिहिलेलं वाचून विशेष शिक्षिका दुसऱ्या दिवशी सुरुवात करू शकते.

दुसरी सवलतीची: इतिहास, विज्ञान आणि गणितातली शाब्दिक उदाहरणं यांत प्रश्न तिला वाचून दाखवावेत आणि मोठी उत्तरं तोंडी घ्यावीत. इथे एक मर्यादा लिहायला विसरू नये, ती म्हणजे वाचनाच्या परीक्षेत उतारा वाचून दाखवायचा नाही. जे कौशल्य मोजायचं आहे तेच सवलतीने काढून घेतलं तर त्या परीक्षेला अर्थ राहत नाही. गणिताच्या परीक्षेत मात्र आपण वाचन मोजत नसतो, म्हणून तिथे वाचून दाखवणं योग्य. हे एक वाक्य नसेल तर एक शिक्षक सगळीकडे वाचून दाखवतो आणि दुसरा "हे इतरांवर अन्याय आहे" म्हणून कुठेच दाखवत नाही.

तिसरी पाहून लिहिण्याची: फळ्यावरचा मोठा मजकूर उतरवायला न लावता छापील टिपण द्यावं, तिने त्यात महत्त्वाचे शब्द अधोरेखित करावेत. चौथी शिक्षिकेला क्षणाचंही जादा काम लावत नाही, पण मुलीला फार मोठी सुटका देते: न सांगता उठवून वर्गासमोर वाचायला लावू नये. वाचायला द्यायचंच असेल तर चार ओळी आदल्या दिवशी घरी द्याव्यात.

आधी फोन, मग सही

या शिफारशी कागदावर नीटनेटक्या वाटतात, पण तपासनीसाने तो वर्ग पाहिलेला नसतो. म्हणून अहवालावर सही करण्याआधी वर्गशिक्षिकेला एक फोन करावा. दहा मिनिटांत पुष्कळ कळतं. समजा, दुसरी शिफारस ऐकून ती म्हणाली, "अहो, चाचणी चालू असताना मी एकटीसाठी प्रश्न कसे वाचू? बाकीची चाळीस मुलं माझ्याकडे बघत असतात." तिचं म्हणणं खरं आहे. मग दोघांनी मिळून मार्ग काढायचा. ती सुचवते की प्रश्नपत्रिका आधीच फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवता येईल, मुलगी कानाला हेडफोन लावून ऐकेल, आणि तोंडी उत्तरं विशेष शिक्षिका तिच्या तासाला घेईल. अहवालात हेच जातं. "शक्य असल्यास" अशी पळवाट लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण "शक्य असल्यास" लिहिलेलं सहसा कुणी करत नाही.

फोनवर आणखी एक विचारावं: यातलं आधीच काय करून झालंय? अर्जात न लिहिलेलं बरंच काही शिक्षकांनी केलेलं असतं. जे तीन महिने करून उपयोग झाला नाही तेच अहवालात सुचवलं, तर पुढच्या तिन्ही शिफारशींवरचा विश्वास तिथेच उडतो.

उपयोग होतोय हे कसं कळेल

अहवालांत सर्वात जास्त गाळला जाणारा भाग हा. शिफारस केली, शाळेने मनापासून पाळली, आणि वर्षाअखेरीला कळलं की फरक पडलेला नाही, तर मुलीचं एक वर्ष गेलं. म्हणून मुख्य शिफारशीला मोजमाप जोडायचं, आणि ते शिक्षिकेला पाच मिनिटांत करता येईल इतकं छोटं हवं.

वाचनासाठी ते आहेच. चौथीच्या पातळीचा न वाचलेला उतारा द्यायचा, एक मिनिट मोठ्याने वाचून घ्यायचं, आणि बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. सुरुवातीला तीन वेगळे उतारे घेऊन मधला आकडा धरतात, कारण एखादा उतारा सोपा किंवा अवघड निघू शकतो. आपल्या मुलीचे आकडे आले ४९, ५४ आणि ६१, म्हणजे सुरुवात ५४. आठवड्याला दीड शब्दाची वाढ धरली तर दहा आठवड्यांनी ६९. चौकटीच्या कागदावर ५४ पासून ६९ पर्यंत एक सरळ रेघ ओढायची आणि दर आठवड्याचा आकडा ठिपक्याने मांडायचा. भाषा आणि इयत्ता बदलली की ही गती बदलते, त्यामुळे लक्ष्य त्या मुलासाठी ठरवायचं, दुसऱ्या अहवालातून उचलायचं नाही.

एखादा ठिपका रेघेखाली गेला म्हणून घाबरायचं नाही, मुलं कधी थकलेली असतात. लागोपाठ चार ठिपके रेघेखाली आले तर मात्र शिकवण्यात बदल करायचा: गट लहान करायचा, वेळ वाढवायचा, किंवा मागच्या टप्प्यावर परत जायचं. हा नियम अहवालात शब्दशः लिहावा, आणि सोबत पुढच्या बैठकीची तारीख घालावी. "नियमित आढावा घ्यावा" असं लिहिलेला आढावा कधी होत नाही. ज्याच्यापुढे तारीख आणि माणसाचं नाव आहे तो बहुधा होतो.

एक शेवटची बाब, जी शिक्षिकेच्या नव्हे तर मुलीच्या बाजूची आहे. वर्गशिक्षिकेकडे जाणाऱ्या प्रतीत काय जाऊ नये, हेही ठरवायला लागतं. आईवडिलांमधले ताण, घरातल्या कुणाचा आजार, आईने विश्वासाने सांगितलेली एखादी गोष्ट, यांपैकी ज्याचा वर्गातल्या कृतीशी संबंध नाही ते या दोन पानांत येऊ नये. सारांश आणि शिफारशी स्वतंत्रपणे वाचता येतील अशा लिहिल्या की पूर्ण अहवाल फिरवायची गरजच उरत नाही. पालकांनी ती दोन पानं आधी वाचावीत, त्यांची संमती घ्यावी, आणि मगच ती शाळेकडे पाठवावीत.